विनोदानंतरचे वाक्य : एका जोडप्याचे प्रकरण

लग्नाला आठ वर्षे झालेले एक जोडपे माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. तिचे वय ३५, त्याचे ३७. दोघांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. संवाद मात्र त्यांच्या संमतीने, शक्य तितके जसेच्या तसे ठेवले आहेत. पहिल्या भेटीत तक्रार काय आहे असे विचारल्यावर ती काही क्षण थांबली आणि म्हणाली, "तक्रार सांगायलाच लाज वाटते. माझा नवरा मला फार हसवतो." त्यावर तो लगेच म्हणाला, "गुन्हा कबूल आहे, शिक्षा सुनवा." आम्ही तिघेही हसलो. मीही हसलो हे इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्या हसण्यामुळे तिचे पुढचे वाक्य राहून गेले आणि ते माझ्या लक्षात यायला दहा मिनिटे लागली.

तिला जे सांगायचे होते ते असे. मूल होऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न त्यांच्यात तीन वर्षांपासून पडून होता. भांडण नव्हते आणि नकारही नव्हता. तिने विषय काढला की तो काहीतरी मजेशीर बोलायचा, ती हसायची आणि विषय तिथेच मिटायचा. तीन वर्षांत या प्रश्नावर किती वेळा बोलणे झाले असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "विषय निघाला असेल तीस-चाळीस वेळा. बोलणं एकदाही झालं नाही." तिची दुसरी अडचण अशी होती की ही तक्रार तिला कोणापुढे मांडताच येत नव्हती. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे नशीब थोर, आमच्याकडे सगळा मुकाट्याचा कारभार. घरातले म्हणायचे, दिलखुलास माणूस आहे. नवरा दारू पितो, हात उचलतो, बोलतच नाही, या तक्रारी लोकांना कळतात. नवरा हसवतो ही तक्रार ऐकणाऱ्यालाच विनोद वाटते. त्यामुळे आपल्यालाच विनोद कळत नाही की काय, अशी शंका तिला येऊ लागली होती, आणि तोही अधूनमधून तसे म्हणत असे.

जोडप्यांच्या अभ्यासात वापरली जाणारी एक साधी रीत मी पहिल्याच भेटीच्या शेवटी वापरली. दोघांना समोरासमोर बसवून एका अडलेल्या विषयावर १५ मिनिटे बोलायला सांगायचे, आपण मध्ये पडायचे नाही आणि त्या बोलण्याचे चित्रण करायचे. मी त्यांना दोन विषय दिले. पहिली सहा मिनिटे घरातल्या कामांची वाटणी आणि उरलेली नऊ मिनिटे मुलाचा प्रश्न. भेट संपल्यावर मी ते चित्रण तीनदा पाहिले आणि शब्दन् शब्द उतरवून काढला.

पंधरा मिनिटांत त्याने अकरा विनोद केले. कामांच्या वाटणीवर बोलताना चार आणि मुलाबद्दल बोलताना सात. केवळ आकडे पाहिले तर काहीच कळत नाही, कारण हा माणूस सगळीकडेच विनोद करतो असे त्यातून दिसते. फरक दिसतो तो विनोदानंतरच्या वाक्यात. कामांच्या बाबतीतल्या चारही विनोदांनंतर बोलणे एक-दोन वाक्यांत मूळ मुद्द्यावर परत आले होते. उदाहरणार्थ, कपडे वाळत घालण्याच्या कामाबद्दल तो म्हणाला, "मी घातलेले कपडे वाळतात, पण त्यांचा आत्मसन्मान जातो," ती हसली, आणि मग तोच पुढे म्हणाला, "बरं, ते तू घे, भांडी माझ्याकडे." विनोद झाला आणि वाटणीही झाली. मुलाबद्दलच्या सात विनोदांपैकी एकाही विनोदानंतर बोलणे परत आले नाही. त्या नऊ मिनिटांतला हा एक तुकडा मी पूर्ण देतो.

ती : मागच्या वर्षी आपण ठरवलं होतं की या वर्षी नक्की बोलू. आता वर्ष संपत आलं.

तो : चला, म्हणजे पुढच्या वर्षीचा संकल्प आयताच मिळाला.

(ती हसते.)

ती : नाही, खरंच सांग. तुला मूल हवंय की नकोय?

तो : घरात एक आहेच की, सदतीस वर्षांचं. ते आधी मोठं होऊ दे.

(ती हसते, मग हसू थांबते.)

ती : मी ते विचारत नाहीये.

तो : बरं बाई, काढ प्रश्नपत्रिका. किती गुणांची आहे?

(ती हसत नाही.)

ती : असू दे.

या तुकड्यात तीन विनोद आहेत, आणि ते ज्या क्रमाने आले तो क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला विनोद परिस्थितीवर आहे. त्यात कोणालाच काही लागत नाही. दुसरा त्याने स्वतःवर केला आहे आणि तो मनमोकळा कबुलीजबाब वाटावा असा आहे. तिसरा तिच्यावर आहे. प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा परिस्थितीची आड पुरली, तो पुन्हा आला तेव्हा स्वतःला पुढे करावे लागले, आणि तरीही तो हटला नाही तेव्हा विचारणारीच हास्यास्पद ठरली. उरलेल्या चार विनोदांतही हाच क्रम थोड्या फरकाने दिसला. प्रश्न जितका जवळ येई तितका विनोद धारदार होई. 'असू दे' हे तिचे शब्द पंधरा मिनिटांत तीनदा आले आणि तिन्ही वेळा ते तिच्यावर रोखलेल्या विनोदानंतरच आले.

विनोदाच्या स्वभावाबद्दल मानसशास्त्रात जे काम झाले आहे, त्यात रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली चार प्रकारांची विभागणी बरीच वापरली जाते. माणसांना जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा आणि स्वतःला कमी लेखून दुसऱ्याला खूश करणारा, असे ते चार प्रकार. माझ्या मते या प्रकरणात ही विभागणी अर्धीच कामाला येते. तिच्यामुळे विनोदाचा सूर ओळखता येतो, पण त्या क्षणी विनोद कोणते काम करतो आहे ते ओळखता येत नाही. सदतीस वर्षांच्या मुलाचा विनोद सुरावरून पाहिला तर निरुपद्रवी, काहीसा प्रेमळसुद्धा आहे; घरी आलेल्या पाहुण्यांसमोर तो केला असता तर सगळे खळखळून हसले असते. 'हवंय की नकोय' या सरळ प्रश्नाच्या जागी आला म्हणून तो टाळाटाळ ठरला. म्हणून जोडप्यांबरोबर काम करताना विनोद गोड होता की बोचरा हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न हा, की विनोद ओसरल्यावर आधीच्या वाक्याला उत्तर मिळाले का.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट या घरात होती. 'असू दे' म्हटल्यानंतर ती साधारण दोन दिवस गप्प राहायची. तो त्याला राग समजायचा आणि तिला मोकळे करण्यासाठी आणखी विनोद करायचा. तिसऱ्या दिवशी ती हसायची आणि घर पूर्ववत व्हायचे. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या निरीक्षणातून ज्याला दुरुस्तीचा प्रयत्न म्हटले आहे, म्हणजे ताण वाढत असताना तो उतरवण्यासाठी केलेली एखादी कृती किंवा एखादा शब्द, तो हाच. असा प्रयत्न करता येणे आणि समोरच्याने तो स्वीकारणे हे नाते टिकण्याचे चांगले लक्षण मानले जाते. या जोडप्यात तो प्रयत्न होत होता आणि स्वीकारलाही जात होता. मात्र दुरुस्ती होत होती ती दोन दिवसांच्या अबोल्याची. ज्या प्रश्नामुळे अबोला आला तो तसाच राहत होता. एकाच हत्याराने तो आधी प्रश्न उडवत होता आणि नंतर प्रश्न उडवल्याची जखमही भरत होता, त्यामुळे तिच्या आठवणीत उरायचे ते फक्त शेवटचे हसू.

तिचा वाटा किती, हेही लिहायला हवे. अशा प्रकरणांत तो झाकून ठेवणे हा उपकार ठरत नाही. चित्रणात सातपैकी चार विनोदांवर ती हसली होती. ते हसू खोटे नव्हते. तो खरोखरच चांगले बोलतो. पण हसू आले की तिच्या प्रश्नाचा जोर ओसरायचा आणि पुन्हा विचारायला तिला पुन्हा धीर गोळा करावा लागायचा. शिवाय ती विषय काढायची तो बहुतेक वेळा रात्री, दिवा मालवल्यावर. तिच्या मते ती निवांत वेळ होती. त्याच्या दृष्टीने ती अशी वेळ होती जिथून उठून जाता येत नाही. आणि तिचा प्रश्न कित्येक आठवड्यांचा साठून आलेला असल्यामुळे पहिल्याच वाक्यात हिशेब असायचा : मागच्या वर्षी ठरवलं होतं, आता वर्ष संपत आलं. एक जण मागणी लावून धरतो आणि दुसरा माघार घेतो, जितकी मागणी वाढते तितकी माघार वाढते, हा आकृतिबंध अँड्र्यू क्रिस्टेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपशिलात अभ्यासला आहे. माघार म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर गप्प बसणारा, मोबाइलमध्ये डोके घालणारा किंवा खोलीबाहेर निघून जाणारा माणूस येतो. इथे माघार बोलकी आणि हसरी होती, म्हणून ती माघार आहे हे तिलाही ओळखता आले नाही आणि त्याला स्वतःलाही नाही. "मी तर नेहमी तिच्याशी बोलतो," हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणत होता.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. आजच्या तासात विनोद करायचा नाही, असा नियम मी घातला. त्याने तो मान्य केला आणि पाळलाही. पण पुढची पंचवीस मिनिटे तो 'हो', 'नाही' आणि 'बघू' याव्यतिरिक्त काही बोलला नाही. मान खाली, हात मांडीखाली. ती कावरीबावरी झाली आणि शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या, त्याला असं बघवत नाही." मी त्याची कुबडी काढून घेतली होती आणि चाल असे म्हटले होते. त्या तासाचा उपयोग एवढाच झाला की विनोद नसेल तेव्हा त्याच्या शरीरात काय चालते ते मला पाहता आले. मानेवर लाली चढायची, श्वास वर अडकायचा. तिसऱ्या भेटीत त्याच्या संमतीने मी बोटाला लावायचे नाडी मोजण्याचे छोटे यंत्र लावले. इकडच्या तिकडच्या गप्पा चालू असताना नाडी ७४ च्या आसपास होती. तिने "तुला काय वाटतं ते सांग" म्हटल्यावर काही सेकंदांत ती १०४ झाली, त्याने विनोद केला, आणि मिनिटाभरात ती ८५ वर आली. भांडणाच्या वेळी नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला ऐकणे आणि विचार करणे जड जाते, हे गॉटमन यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. एका माणसाच्या बोटावरच्या तीन आकड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण यंत्राच्या पडद्यावरचे ते आकडे पाहून त्याला जे कळले ते माझ्या व्याख्यानातून कळले नसते. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हे औषध आहे माझं." मग थोड्या वेळाने, "पण मी घेतो आणि हिचा ताप वाढतो." हाही विनोदच होता, पण मुद्द्यावरचा.

या टप्प्यावर मला एक स्पष्टीकरण मिळाले होते आणि ते फार पटण्याजोगे होते. तो ज्या घरात वाढला तिथे आई-वडील आठवडेच्या आठवडे एकमेकांशी बोलत नसत, आणि दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा जेवताना नकला करून दोघांना एकदमच हसवायचा. ते दोघे एकाच वेळी हसले तर रात्र बरी जायची. ही हकिगतही त्याने नकला करतच सांगितली. बालपणातली अशी गोष्ट हाती लागली की समुपदेशकाला फार लवकर समाधान मिळते, कुलपाची किल्ली सापडल्यासारखे वाटते. मलाही तसे वाटले. गंभीर बोलणे म्हणजे घर मोडण्याची सुरुवात, हे समीकरण त्याच्या मनात पक्के झाले आहे आणि म्हणून तो टाळतो, अशी नोंद मी करून ठेवली. ती नोंद चुकीची नव्हती, पण अपुरी होती. अशी भीती असलेला माणूस सगळेच गंभीर विषय टाळेल. हा माणूस पैशांबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल, नोकरी सोडण्याच्या निर्णयाबद्दल तिच्याशी नीट, तासन् तास बोलला होता. तिनेच ते सांगितले. टाळला जात होता तो एकच विषय. सवय बालपणातून आली होती हे खरे, पण या प्रश्नावरच तीन वर्षे ती का वापरली जात होती, याचे उत्तर बालपणात नव्हते.

पुन्हा चित्रणाकडे गेलो तेव्हा जी गोष्ट आधी निसटली होती ती दिसली. मी विनोद मोजले होते, ते कुठे आले ते पाहिले होते. त्यांत काय म्हटले आहे ते वाचले नव्हते. सातही विनोद एकापाठोपाठ लिहिले तर 'पुढच्या वर्षी', 'आधी मोठं होऊ दे', 'आपल्याला झोप प्रिय', 'दोघांनाच एकमेकांचा वैताग पुरतो' असे शब्द हाती लागतात. एकाही विनोदात, गमतीनेसुद्धा, मूल असलेल्या घराचे चित्र नव्हते. अनिश्चित मनाचा माणूस दोन्ही बाजूंनी विनोद करतो; कधी मुलाच्या नावाची थट्टा, कधी रात्रीच्या जागरणाची. याचे सगळे विनोद एकाच दिशेने वाहत होते. म्हणजे त्याच्याकडे उत्तर बहुधा होते आणि ते तो हप्त्याहप्त्याने देत होता, मात्र प्रत्येक हप्ता परत घेता येईल अशा स्वरूपात. 'अगं, गंमत केली' या तीन शब्दांनी विनोद केव्हाही मागे घेता येतो, आणि टाळणाऱ्याच्या दृष्टीने त्याची सगळी किंमत त्यातच असते.

चौथ्या भेटीत मी दोघांना स्वतंत्रपणे भेटलो. अशा भेटीआधी मी दोघांनाही एकच गोष्ट सांगतो, की दोघांच्या निर्णयावर परिणाम करणारे काही मला एकट्याला सांगितले गेले तर ते मी कायम जपून ठेवणार नाही. ते जोडीदाराला सांगण्यासाठी मी मदत करीन आणि मुदत ठरवीन. हे आधी सांगितले नाही तर समुपदेशक स्वतःच टाळाटाळीचा भागीदार होतो. त्याच्याबरोबरच्या चाळीस मिनिटांत पहिली काही मिनिटे नेहमीसारखी गेली. मग मी फक्त ते सात विनोद कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते वाचले, कागद उलटा करून ठेवला, आणि त्यानंतर तासाच्या शेवटपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही. तो म्हणाला, "मला मूल नको आहे. सुरुवातीला नक्की नव्हतं, पण तीन वर्षं तरी नकोच आहे. मी सांगितलं तर ती जाईल. आणि नाही गेली तर माझ्यासाठी राहील, ते तर मला त्याहून नको." तिला सांगायला आम्ही दोन आठवड्यांची मुदत ठरवली, माझ्या उपस्थितीत.

त्या दोन आठवड्यांसाठी मी घरी करायची एक रीत दिली. बंदी नाही, विनोद चालेल. पण विनोदानंतर ती हसली तरी चालेल आणि नाही हसली तरी चालेल, तिने फक्त 'आणि?' एवढेच म्हणायचे आणि थांबायचे. 'आणि?'ला त्याने एका वाक्याचे खरे उत्तर द्यायचे. 'मला माहीत नाही' हेही उत्तर चालेल, मात्र त्यापुढे काय कळल्यावर माहीत होईल आणि ते केव्हा, हे सांगायचे. विषय आदल्या दिवशी सांगून ठेवायचा, बोलायचे ते दिवसा, शेजारी चालताना, वीस मिनिटे, आणि मग बंद. चालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि शरीराचा ताण पायांतून उतरतो, असा माझा अनुभव आहे. मुलाचा विषय या पंधरवड्यात काढायचा नाही असेही ठरले. त्यांनी दोनदा हे केले, एकदा सुटीच्या बेतावर आणि एकदा त्याच्या आईच्या राहण्यावर. दोन्ही वेळा जमले. यातून माझी शंका पक्की झाली, की त्याला बोलता येत होते. एक वाक्य बोलायचे नव्हते.

पाचव्या भेटीत तो आला तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडलेले होते. बसल्या बसल्या म्हणाला, "आज माझा निकाल आहे, पेढे कोणी आणलेत का?" ती हसली नाही. तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आणि?" खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने ते वाक्य म्हटले, तिच्याकडे बघून, जवळजवळ जसे मला म्हटले होते तसेच.

ती रडेल अशी माझी कल्पना होती. तिने विचारले, "तीन वर्षं?" आणि त्याने मान हलवल्यावर म्हणाली, "तू नको म्हणाला असतास तर मी भांडले असते. रडले असते. बत्तीस वर्षांची होते, काहीतरी ठरवलं असतं. तू मला हसवलंस." त्या तासात तिचा नकाराशी फारसा वादच नव्हता. मूल नको वाटणे हा त्याचा हक्क आहे हे ती दोनदा म्हणाली. तिचा राग गेलेल्या वेळेबद्दल होता. थांबण्याचा खर्च दोघांना सारखा येत नव्हता. त्याला प्रत्येक वर्ष आहे तसे आयुष्य आणखी एक वर्ष देत होते, आणि तिचे वर्ष वजा होत होते. हे त्याला माहीत नव्हते असे तो म्हणाला. मी त्याला विचारले, की खरेच माहीत नव्हते का. त्यावर तो म्हणाला, "माहीत करून घेतलं नव्हतं." या संपूर्ण प्रकरणात त्याने दिलेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वात नेमके वाटते. त्याने कट रचला नव्हता, प्रत्येक विनोद त्या क्षणाची घुसमट टाळण्यासाठीच होता. तरीही तीस-चाळीस क्षणांची बेरीज निर्णयाइतकीच झाली, आणि तो निर्णय त्याच्या बाजूचा झाला.

हा उलगडा इतर जोडप्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या विनोदी टाळाटाळीत अनेकदा उत्तर खरोखरच तयार नसते. तिथे विनोद दोन्ही दिशांना जातात आणि 'माहीत नाही' एवढे म्हणायची मुभा मिळाली तरी बोलणे सुरू होते. काही ठिकाणी विनोद पहिल्या वाक्यापासूनच जोडीदारावर असतो, चारचौघांत असतो, तिच्या शरीरावर किंवा माहेरावर असतो आणि 'लागलं' म्हटले की 'तुला गंमतही सोसत नाही' असे ऐकवले जाते. ती टाळाटाळ नसते, ते कमी लेखणे असते, आणि तिथे 'आणि?'सारखी रीत देणे धोक्याचे आहे, कारण ती विचारण्याचीही किंमत त्या व्यक्तीला घरी मोजावी लागते. घरात भीती आहे असे जाणवले तर मी दोघांना एकत्र बसवतच नाही. आणि कधी कधी विचारणाराच दिवसातून चारदा तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारत असतो. तिथे विनोद ही समोरच्याची शेवटची सभ्यता असते.

या जोडप्याबरोबर आणखी चार भेटी झाल्या. त्यांतल्या दोन तिने एकटीने घेतल्या. सातव्या भेटीत त्याने विचारले, की त्याने आता होकार दिला तर चालेल का. तिने लगेच उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी कळवले, की हसण्यातून मिळालेल्या तीन वर्षांनंतर घाबरून दिलेला होकार तिला नको आहे. नवव्या भेटीपर्यंत तिने वेगळे राहण्याचे ठरवले होते, सहा महिन्यांसाठी, आणि त्यानंतर काय ते तिचे तिला ठरवायचे होते. सामानाची विभागणी माझ्यासमोरच झाली, कारण घरी ती जमत नव्हती. कपाटाचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "कपाट तू घे, मला लपवायला आता काही उरलं नाही." ती अनपेक्षितपणे हसली, अगदी पूर्वीसारखी. मग त्याने स्वतःच, तिने न विचारता, "आणि," म्हटले, कागदावर कपाटापुढे तिचे नाव लिहिले आणि खालच्या ओळीवर गेला.